पाऊस संध्याकाळचा, धुकं पहाटेचं : शमशाबादचं विमान गाठताना

नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर, परभणी या भागातल्या घरांना परदेशी जाणारं विमान पकडायचं असेल, तर मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. मुलगा-मुलगी शिकायला निघतात ते जुलैअखेर ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात. तीच मुलं सुट्टीला येतात आणि परततात ती डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे धुक्यात. वर्षातले हे दोन महत्त्वाचे प्रवास हवामानाच्या दोन सर्वांत बेभरवशाच्या काळात येतात. तरीही घराघरांत दोन्ही वेळा हिशोब एकच असतो : 'गाडी सहा तास, टॅक्सी दीड तास, विमानाच्या तीन तास आधी पोहोचायचं.'

हा हिशोब कोरड्या दिवसाचा आहे. पाऊस आणि धुकं यांची घड्याळं वेगळी आहेत, किंबहुना उलटी आहेत. दख्खनच्या पठारावर पावसाळी ढग दिवसभराच्या उष्णतेने वाढत जातात, त्यामुळे मोठी सर बहुधा दुपारी चारनंतर ते मध्यरात्रीपर्यंत कोसळते. धुकं रात्रभर जमीन थंड झाल्यावर पहाटे दाटतं आणि ऊन चढलं की विरतं. म्हणून पावसाळ्यात सकाळ आपली, हिवाळ्यात दुपार आणि संध्याकाळ आपली. निघण्याची वेळ ठरवताना आधी हे पाहावं, तिकिटाचा दर नंतर.

पावसात सगळे उशीर एकदम येतात

नांदेड ते शमशाबाद हा प्रवास तीन तुकड्यांचा आहे : नांदेडहून सिकंदराबाद किंवा काचीगुडा, तिथून रस्त्याने शहर ओलांडणं आणि मग विमान. आपण प्रत्येक तुकड्याला थोडा थोडा जादा वेळ देतो आणि मानतो की एका ठिकाणी उशीर झाला तरी दुसरीकडे भरून निघेल. कोरड्या दिवसांत हे खरंही असतं. पावसात मात्र जो ढग गाडी रोखतो, तोच रस्ता तुंबवतो, तोच टॅक्सी मिळू देत नाही. उशीर एकमेकांना भरून काढत नाहीत, एकमेकांवर चढतात.

पहिला तुकडा पाहू. नांदेडहून मुदखेड, धर्माबाद, बासर, निजामाबाद, कामारेड्डी, मेडचल असा हा रेल्वेमार्ग आहे. त्याचा मोठा भाग वर्षानुवर्षं एकेरीच राहिला, दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली ती 2023 मध्ये. एकेरी मार्गावर एक गाडी रखडली की समोरच्या गाडीला स्थानकात थांबावं लागतं आणि उशीर मार्गभर पसरतो. देवगिरी किंवा अजिंठा एक्स्प्रेसने नेहमी जाणाऱ्यांनी हे अनुभवलं असेल.

27 ऑगस्ट 2025, गणेश चतुर्थीचा दिवस. कामारेड्डी जिल्ह्यात काही ठिकाणी चोवीस तासांत 40 सेंटिमीटरच्या वर पाऊस पडला. भिकनूर–तलमडला पट्ट्यात रुळांवर पाणी आलं, कामारेड्डीजवळ रुळांखालचा भराव वाहून गेला. गाड्या रद्द झाल्या, काही दुसऱ्या मार्गाने वळवल्या गेल्या. त्याच भागात राष्ट्रीय महामार्ग 44 वरची वाहतूकही अडली. म्हणजे 'गाडी नसेल तर निजामाबादवरून कारने जाऊ' हा विचार करणाऱ्यांचा दुसरा रस्ताही त्याच पाण्याने बंद केला. पर्याय ठेवायचा तर तो वेगळ्या खोऱ्यातला, निदान वेगळ्या दिशेचा हवा.

आता दुसरा तुकडा. काचीगुडा आणि सिकंदराबाद ही दोन्ही स्थानकं मुसी नदीच्या उत्तरेला आहेत, विमानतळ दक्षिणेला. नदी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय भरले की त्यांचे दरवाजे उघडतात आणि काही तासांत शहरातली मुसी चढते. मग चादरघाटचा खालचा पूल आणि मुसारामबागचा पूल बंद करतात, आणि उरलेल्या पुलांवर सगळी वाहतूक लोटते. 26 सप्टेंबर 2025 च्या रात्री मुसीचं पाणी थेट महात्मा गांधी बस स्थानकात शिरलं. प्रवासी अडकले, बसगाड्या शहराच्या कडेच्या ठिकाणांवरून सोडाव्या लागल्या. जो नांदेडहून बसने येऊन तिथेच उतरणार होता, त्याचा हिशोब त्या रात्री पहिल्याच पायरीवर चुकला असता.

नदी ओलांडली तरी एक जागा उरते. मेहदीपट्टणमहून आरामघरपर्यंत पी. व्ही. नरसिंह राव उड्डाणमार्ग आहे, साडेअकरा किलोमीटरचा. तो उंचावरून जातो, त्यामुळे खालच्या पाण्याची चिंता तिथे कमी. पण आरामघरला तो संपतो आणि पुढे शमशाबादपर्यंत जुना बेंगळुरू महामार्ग जमिनीवरून जातो. त्यावर गगनपहाड लागतं. 13 ऑक्टोबर 2020 च्या रात्री बंगालच्या उपसागरातून आलेल्या तीव्र कमी दाबाच्या पट्ट्याने हैदराबादला झोडपलं, बेगमपेठला चोवीस तासांत सुमारे 19 सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. गगनपहाडचा अप्पा चेरुवू हा तलाव फुटला, महामार्गाचा तुकडा उखडला आणि वाहनं वाहून गेली. विमानतळाचा नेहमीचा रस्ताच तुटला होता. अशा वेळी कामाला येतो बाह्य वळणरस्ता, ज्याला सगळे ओआरआर म्हणतात. गच्चीबावलीकडून तो थेट शमशाबादला उतरवतो. मात्र हिमायतसागरचा विसर्ग चालू असताना राजेंद्रनगरजवळ ओआरआरचा सेवारस्ता बंद ठेवतात. म्हणून चालकाला आधीच सांगावं की मुख्य वळणरस्त्यावरच राहायचं, टोल वाचवायला खाली उतरायचं नाही.

पाऊस कोणत्या प्रकारचा, ते आधी ओळखा

हैदराबादचा त्रासदायक पाऊस दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिला स्थानिक गडगडाटी पाऊस. दिवसभर ऊन आणि उकाडा, संध्याकाळी दोन तासांत रस्ते तुंबतात, रात्री उशिरा मोकळे होतात. त्याचा भरवशाचा अंदाज दोन-तीन दिवस आधी देता येत नाही. हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज देतो, तोच खरा कामाचा. या पावसासाठी दिवस बदलावा लागत नाही, फक्त तास बदलावे लागतात. दुपारी चारच्या आत शहर ओलांडलेलं असलं की निम्म्याहून अधिक काम झालं.

दुसरा कमी दाबाच्या पट्ट्याचा पाऊस. हा बंगालच्या उपसागरात तयार होतो, ओडिशा किंवा उत्तर आंध्रातून आत येतो आणि तेलंगणावर एक-दोन दिवस मुक्काम करतो. तो सकाळ-संध्याकाळ पाहत नाही. पण त्याची चाहूल दोन ते चार दिवस आधी लागते. हवामान विभागाच्या पत्रकात 'उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र' असे शब्द दिसले आणि निजामाबाद, कामारेड्डी, मेडक, रंगारेड्डी किंवा हैदराबाद या जिल्ह्यांना नारंगी इशारा मिळाला की तासांची उलथापालथ पुरत नाही. तिथे पूर्ण एक दिवस आधी निघावं. नारंगी म्हणजे चोवीस तासांत साधारण साडेअकरा ते साडेवीस सेंटिमीटर पावसाची शक्यता, लाल म्हणजे त्याहून जास्त. इशारा पाहताना केवळ हैदराबादचा पाहू नका. गाडी अडते कामारेड्डीला, आणि आपण तपासतो शमशाबादचं आकाश.

ऑगस्टमधला एक हिशोब

समजा, मुलीचं विमान शुक्रवारी पहाटे 3:30 चं आहे. हैदराबादहून आखातात आणि युरोपात जाणारी बरीच विमानं अशाच वेळेला असतात. सामान देण्याची खिडकी उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होते. नेमकी वेळ कंपनीगणिक बदलते, तिकिटावर पाहावी. आपण सव्वादोन धरू. परदेशी प्रवासाला निवांत हजर व्हायचं तर गुरुवारी रात्री साडेअकराला टर्मिनलमध्ये असायला हवं.

नेहमीची योजना अशी असते : गुरुवारी दुपारची गाडी, रात्री आठला काचीगुडा, साडेनऊला शमशाबाद. साडेअकरापर्यंत दोन तास, खिडकी बंद होईपर्यंत पावणेपाच तास हाताशी. कागदावर भरपूर.

आता त्याच गुरुवारी संध्याकाळी पाऊस लावा. गाडी सावध वेगाने येते, दोन ठिकाणी थांबते आणि दहाला पोहोचते. स्थानकाबाहेर टॅक्सी मिळायला पाऊण तास. चादरघाट बंद, म्हणून वळसा. आरामघरनंतर पाणी, वाहतूक मुंगीच्या गतीने. टर्मिनलला एक वाजतो. विमान अजून सुटलेलं नाही, पण हातात फक्त सव्वा तास उरला आहे. यात काहीही असाधारण घडलेलं नाही, ही साधी पावसाळी संध्याकाळ आहे. आणखी दीड तासाचा एकच अडथळा आला की विमान गेलं. आणि तो दिवस 27 ऑगस्टसारखा असेल तर गाडी मुळात सुटलीच नसती.

बदललेली योजना अशी. गुरुवारी सकाळी सातला नांदेडहून कारने निघायचं, पण निजामाबादमार्गे नाही. देगलूरवरून संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 161 धरायचा. हा रस्ता कामारेड्डीच्या पश्चिमेने जातो. संगारेड्डीनंतर पटानचेरूजवळ मुत्तंगीला ओआरआरवर चढायचं आणि शहरात न शिरता शमशाबादला उतरायचं. चहा-जेवणासह सहा-सात तास धरले तर दुपारी दोनपर्यंत पोहोचता. संध्याकाळच्या सरीच्या आत तिन्हींपैकी दोन तुकडे संपलेले असतात. रस्त्यात दोन तास गेले तरी चारच वाजतात.

गाडीनेच जायचं असेल तर बुधवारी रात्रीची गाडी घ्या, म्हणजे गुरुवारी सकाळी हैदराबादला उतराल. मग दिवसभर नातेवाइकांकडे थांबा. फक्त ते घर शहराच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहा. कुकटपल्ली, मियापूरकडे असेल तर गच्चीबावलीवरून ओआरआर हाताशी आहे. काचीगुडा, नारायणगुडा, सिकंदराबादकडे असेल तर मुसी ओलांडायची बाकी आहे, म्हणून तिथून दुपारी चारच्या आत निघा. मावशी जेवूनच जा म्हणेल. तिला आधीच सांगून दुपारचं जेवण करा.

या योजनेची किंमत काय? दुपारपासून नऊ-दहा तासांची वाट पाहणं, किंवा शमशाबादजवळ एका रात्रीचं लॉज. टर्मिनलच्या आत फार आधी सोडत नाहीत, त्यामुळे आजी-आजोबा सोबत असतील तर बसायची सोय आधी ठरवा. ही किंमत हुकलेल्या परदेशी तिकिटाशी ताडून पाहा. विद्यापीठात हजर होण्याची तारीख जवळ असेल, तर तिकीटच त्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधीचं काढावं. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या 30 दिवस आधीपासून प्रवेश मिळतो, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांना ही मोकळीक असतेच.

'पावसात विमानालाही उशीर होईल' या आशेवर मात्र काही सोडू नका. विमान उशिरा सुटणार असं जाहीर झालेलं नसेल तर खिडकी ठरल्या वेळीच बंद होते. विमान उशिरा सुटणं हे बहुतेकदा प्रवासी आत बसल्यावर कळतं.

हिवाळ्यात घड्याळ उलटं

डिसेंबर-जानेवारीत हाच प्रवास संध्याकाळी करणं चांगलं आणि पहाटे करणं वाईट. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार दृश्यता एक किलोमीटरच्या खाली गेली की धुकं, 200 मीटरच्या खाली गेली की दाट धुकं. हैदराबादला ते रोज पडत नाही. आदल्या दिवशी जमीन ओली असेल, रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पहाटे शमशाबादच्या मोकळ्या माळावर ते हमखास बसतं आणि बहुधा आठ-नऊपर्यंत उठतं. रात्री अंगणातल्या गाडीच्या काचेवर दव जमायला लागलं आणि पानही हलत नसलं, तर पहाटेची खूण मिळाली असं समजा. अशा पहाटे तीन ते आठच्या दरम्यान महामार्गावर असू नये. सकाळी नऊचं विमान असेल तर मध्यरात्री नांदेड सोडण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी शमशाबाद गाठावं.

पण आपल्याकडच्या प्रवाशाला खरा त्रास देतं ते दिल्लीचं धुकं. हैदराबादहून सकाळी सहाला सुटणारं विमान सव्वाआठच्या सुमाराला दिल्लीवर पोहोचतं, म्हणजे धुकं सर्वांत दाट असताना. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर अशी यंत्रणा आहे की प्रशिक्षित वैमानिक धावपट्टीवरची दृश्यता 50 मीटरपर्यंत उतरली तरी उतरू शकतात. मग विमानं का रखडतात? दोन कारणं. अशा वेळी दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, त्यामुळे तासाला उतरणाऱ्यांची संख्या घटते आणि आपलं विमान हैदराबादच्या जमिनीवरच थांबवून ठेवतात. आणि उड्डाणाला उतरण्यापेक्षा जास्त दृश्यता लागते, म्हणून उतरलेली विमानं तिथेच अडकून गर्दी वाढते. पहिलं विमान पोहोचलं तरी पुढचं सुटेलच असं नाही. काही वेळा विमान जयपूर किंवा लखनौला वळवलं जातं.

म्हणून डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर दिल्लीमार्गे जायचं असेल तर दुपारी बारानंतर तिथे उतरेल असं विमान निवडा, म्हणजे हैदराबादहून साधारण दहाच्या पुढचं. पण एक गोष्ट तपासून. हे विमान सकाळी कुठून येतं? ते रात्रभर हैदराबादलाच उभं असेल तर उत्तम. ते दिल्लीहूनच येणार असेल, तर दिल्लीच्या पहाटेचा उशीर घेऊनच येईल. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर तुमच्या उड्डाणाचा क्रमांक टाकला की येणारं विमान कुठून येतं ते आदल्या आठवड्यापासून पाहता येतं. चार-पाच दिवसांचा क्रम पाहिला की अंदाज येतो.

परतीला हेच उलटं लागू होतं. युरोप-अमेरिकेहून पहाटे दिल्लीला उतरून तिथून सकाळी सातचं हैदराबाद विमान, ही हिवाळ्यातली सर्वांत कच्ची जोडणी आहे. मधले दोन तास नेहमी पुरतात, धुक्यात नाही. माझ्या मते इथे पाच-सहा तास ठेवावेत, किंवा मुंबईमार्गे यावं, जिथे असं दाट धुकं पडत नाही. आखातमार्ग निर्धोक समजणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की दुबई आणि अबुधाबीला हिवाळ्यात पहाटे धुकं येतं. तिथे सकाळी सहाला उतरून साडेसातचं पुढचं विमान धरणं टाळा.

रेल्वेच्या बाबतीतही उगम पाहायचा. अमृतसरहून नांदेडला येणारी सचखंड किंवा दिल्लीहून हैदराबादला येणारी तेलंगणा एक्स्प्रेस धुक्यात कित्येक तास मागे पडते, आणि तेच डबे परतीला लागत असल्याने सुटायलाही उशीर होऊ शकतो. अशा गाडीला विमान जोडू नका. मुंबईहून येणाऱ्या देवगिरीला ही अडचण नसते, जरी पावसाळ्यात तिला कसाऱ्याचा घाट पार करावा लागतो.

तिकीट एकच की दोन?

राखीव वेळ किती ठेवायचा हे हवामानाइतकंच तिकिटावरही ठरतं. हैदराबाद–दिल्ली–परदेश एकाच पीएनआरवर असेल आणि पहिल्या विमानामुळे दुसरं हुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. मग धुक्याच्या महिन्यात मधे एक अख्खी रात्र हवी. विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान मिळतं, पण कारण हवामानाचं असेल तर नुकसानभरपाई मिळत नाही.

रेल्वेने 2019 पासून दोन गाड्यांचे पीएनआर जोडायची सोय दिली आहे. पहिली गाडी उशिरा येऊन दुसरी हुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे मिळतात. मात्र ही सोय गाडीला गाडी जोडण्यापुरती आहे, गाडीला विमान जोडण्यासाठी नाही. तुमची गाडी निघायच्या स्थानकावरच तीन तासांपेक्षा उशिरा येणार असेल, तर ती सुटण्याआधी टीडीआर भरून पूर्ण परतावा मागता येतो. असा उशीर दिसला की परतावा घ्या आणि सरळ महामार्ग 161 धरा. निर्णय लवकर घेतला तरच हा पर्याय उरतो.

कधी काय पाहायचं

विमानाच्या चार दिवस आधी उपसागराची बातमी आणि कामारेड्डी–मेडकसह जिल्हावार इशारे पाहा. नारंगी किंवा लाल दिसला तर एक दिवस आधी निघायचं ठरवून टाका. चोवीस तास आधी एनटीईएसवर गाडीची स्थिती पाहा, त्याबरोबरच हिमायतसागर आणि उस्मानसागरचे दरवाजे उघडले आहेत का ते बातम्यांतून कळून घ्या, कारण शहरातले पूल त्यावर ठरतात. निघायच्या सकाळी तीन तासांचा तातडीचा अंदाज पाहा आणि चालकाशी रस्ता पक्का करा.

हिवाळ्यात चार दिवस आधीपासून येणाऱ्या विमानाचा क्रम पाहा, आदल्या रात्री दिल्लीच्या किंवा आखातातल्या पहाटेच्या दृश्यतेचा अंदाज घ्या आणि कंपनीने वेळ मोफत बदलून द्यायची सूट जाहीर केली असेल तर ती लगेच घ्या. दुपारच्या विमानातल्या जागा अशा दिवशी तासाभरात भरतात.